‘बघू’ म्हणून झालंय, आता खरं कसं लिहू?

*“अडीच महिन्यांपूर्वी ऑनलाइन ओळख झाली. रोज रात्री तासभर तरी चॅट होतं आणि मला ते मनापासून आवडतं. चार दिवसांपूर्वी त्याने विचारलं, ‘आपण पुढचा विचार करायचा का?’ माझं आधीचं नातं सात महिन्यांपूर्वी तुटलंय, गंभीर कशासाठीच माझी तयारी नाही. मी ‘बघू’ म्हणाले आणि विषय बदलला. त्याला दुखवायचं नाही, खोटंही बोलायचं नाही, आणि गप्पा बंद व्हाव्यात असंही वाटत नाही. हा मेसेज लिहिलाय, पण पाठवायचा धीर होत नाहीये: ‘हाय, तू खूप चांगला आहेस. सॉरी, पण मी सध्या कशासाठीच तयार नाहीये. आधीचं सगळं अजून डोक्यात आहे, त्यात ऑफिसचंही खूप चाललंय. थोडा वेळ दे मला. आपण आधीसारखंच बोलत राहू ना? रागावला नाहीस ना?’ यात काय बदलू?”*

आधी त्या ‘बघू’बद्दल बोलू या, कारण मेसेज त्याच्यामुळेच लिहावा लागतोय. आपल्या बोलण्यात ‘बघू’ हा कधी नकार असतो, कधी होकार, तर कधी नुसती टाळाटाळ. ऐकणारा त्यातून स्वतःला हवा तो अर्थ काढतो, आणि ज्याने मनाची तयारी करून प्रश्न विचारलाय तो बहुतेक वेळा होकाराच्या बाजूचाच अर्थ काढतो. त्यानंतर चार दिवस तुम्ही रोजच्यासारख्याच गप्पा मारल्या असतील, तर तुमच्या लेखी विषय मागे पडलाय. त्याच्या लेखी तो दररोज थोडा थोडा पुढे सरकतोय. म्हणून मेसेज उद्यापर्यंत जाऊ दे. शब्द अगदी नेमके सापडेपर्यंत थांबलात तर आठवडा जाईल, आणि तोवर लिहायचं आणखी अवघड झालेलं असेल.

पण लिहायच्या आधी एका गोष्टीचा निकाल लावावा लागेल. मी सतरा वर्षं नातेसंबंधांचं समुपदेशन करते आहे, आणि ‘मी तयार नाही’ हे वाक्य ज्यांनी ज्यांनी माझ्यासमोर उच्चारलं त्यांना मी एकच प्रश्न विचारते: समजा उद्या सकाळी उठलात आणि आधीचं सगळं ओझं उतरलेलं आहे, मन मोकळं आहे. तेव्हा तुम्ही याच माणसाला होकार द्याल का?

पटकन ‘हो’ आलं, तर अडचण खरंच वेळेची आहे. ‘नाही’ आलं, तर अडचण तयारीची नाहीच. तुम्हाला त्याच्याशी बोलायला आवडतं, पण तो तुमचा जोडीदार म्हणून डोळ्यांसमोर येत नाही. यात गैर काहीच नाही, फक्त ते ‘तयार नाही’च्या पांघरुणाखाली झाकू नका. बहुतेकांचं उत्तर मात्र तिसरंच असतं: ‘माहीत नाही’. तुमचंही तेच असेल, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. हे प्रामाणिक उत्तर आहे, पण मेसेज लिहिताना ते ‘नाही’च्या जवळचं धरायचं. ज्याची आपल्यालाच खात्री नाही, ते दुसऱ्याला वाट बघण्यासाठी द्यायचं नसतं.

आता तुमचा मसुदा. त्यातल्या प्रत्येक वाक्यामागे चांगुलपणा आहे, तरी तो मेसेज त्याला बरेच दिवस टांगून ठेवेल, आणि ते काम प्रामुख्याने त्यातल्या दोन जागा करतील.

पहिली जागा म्हणजे ‘सध्या’ हा शब्द. तुम्ही तो धार कमी करायला घातलाय. तो मात्र त्याचा अर्थ ‘नंतर’ असा घेईल. सध्या नाही म्हणजे दिवाळीनंतर? परीक्षेनंतर? वर्षभराने? त्याच्या पुढेच ‘थोडा वेळ दे मला’ आलंय, म्हणजे शंकेला जागाच उरली नाही. वेळ दे म्हटल्यावर तो वेळ देईल. अगदी शहाण्यासारखा, काही न विचारता देईल. आणि चार महिन्यांनी जेव्हा तो म्हणेल, ‘दिला की मी वेळ’, तेव्हा तुमच्याकडे उत्तर नसेल.

दुसरी जागा म्हणजे ‘ऑफिसचंही खूप चाललंय’. एक कारण कमकुवत वाटलं की आपण शेजारी दुसरं उभं करतो, हा माणसाचा स्वभाव आहे. पण कारण सुटण्यासारखं असलं की समोरचा ते सोडवायला घेतो. ऑफिसचा ताण? ‘मग आपण कमी बोलू, तू दमू नकोस.’ आधीचं डोक्यात आहे? ‘मी मदत करतो त्यातून बाहेर यायला.’ आता तुम्हाला नकार पुन्हा द्यायचाय, तोही एका मदत करू पाहणाऱ्या माणसाला. म्हणून कारण एकच द्या आणि ते खरं असू द्या. नातं संपल्याचं कारण खरं आहे, तेवढं पुरे. ऑफिस काढून टाका.

‘सॉरी’बद्दल थोडं थांबून सांगते, कारण ते काढा म्हटलं की सगळ्यांना ते कठोर वाटतं. मानसशास्त्रज्ञ गिली फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये नेमका हाच विषय तपासला होता: एखाद्याला नाकारताना माफी मागितली तर त्याला कमी लागतं का? उलटंच दिसलं. माफी असलेला नकार जास्त लागला. शिवाय ऐकणाऱ्यावर ‘ठीक आहे’ म्हणण्याचं दडपण आलं, मनातून ठीक नसतानाही. माझ्यासमोर बसलेल्या माणसांकडून मी हे वेगळ्या शब्दांत ऐकलं आहे: ‘ती इतकी सॉरी सॉरी करत होती की मलाच तिची समजूत काढावी लागली.’ तुमच्या शेवटच्या ‘रागावला नाहीस ना?’मध्ये तेच होतंय. ज्याला लागणार आहे, त्यालाच तुम्ही तुमचा धीर बांधायला सांगताय. ‘बोलत राहू ना?’मधला ‘ना’ही तसाच. तो ‘ना’ आपल्या भाषेत इतका गोड आहे की त्याला नाही म्हणणाराच वाईट ठरतो. माफी मागायचीच असेल तर एका गोष्टीसाठी जरूर मागा, ती म्हणजे ते ‘बघू’. ती चूक खरंच झाली. तयारी नसणं ही चूक नाही.

‘तू खूप चांगला आहेस’ हे वाक्य वाईट नाही, पण त्याच्या मागे ‘पण’ येणार हे कुणालाही कळतं, आणि असं वाक्य कुणालाही लिहिता येतं. तुम्हाला त्याच्या गप्पा आवडतात हे खरं आहे, तर मग त्यातली एखादी गोष्ट नाव घेऊन सांगा. अडीच महिन्यांत अशी एक तरी असेलच: त्याने सांगितलेला एखादा किस्सा, तुम्ही आजारी असताना त्याने केलेली विचारपूस, एखादा वाद. ठरावीक कौतुक नकारावर गुंडाळलेल्या कागदासारखं वाटतं. नेमकी आठवण वाचली की त्याला कळतं, ते अडीच महिने माझ्या एकट्याच्या डोक्यात घडले नव्हते.

मी तुमच्या जागी असते तर असं लिहिलं असतं. आठवण अर्थातच तुमची घाला.

> “तू त्या दिवशी विचारलंस आणि मी ‘बघू’ म्हणून विषय बदलला. तसं करायला नको होतं, त्याबद्दल सॉरी. तुला नीट उत्तर मिळायला हवं. तुझ्याशी गप्पा मारायला मला मनापासून आवडतं. नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी तू चुकीच्या मीटिंगमध्ये जाऊन बसलास, तो किस्सा वाचून मी रात्री एकटीच हसत बसले होते. पण पुढचा विचार करायची माझी तयारी नाही. आधीचं नातं संपल्यावर मन अजून तिथपर्यंत आलेलं नाही, आणि ते कधी येईल, येईल की नाही, हे मलाच माहीत नाही. म्हणून माझ्यासाठी थांबू नकोस. मैत्री म्हणून बोलत राहायला मला आवडेल. पण तुला ते जड जाणार असेल, किंवा काही दिवस बोलायचं नसेल, तरी मी समजू शकते. लगेच उत्तर द्यायलाच हवं असं नाही.”

या मेसेजचा कणा ‘माझ्यासाठी थांबू नकोस’ हे तीन शब्द आहेत. बाकी सगळं तुमच्या पद्धतीने बदला, हे ठेवा. लोकांना नेमकं हेच लिहवत नाही, कारण लिहिताना वाटतं की आपण दार आपटून बंद करतोय. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एकतर्फी प्रेमावरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांकडून दोन्ही बाजूंच्या हकिकती लिहून घेतल्या, प्रेम करून नकार मिळालेल्यांच्या आणि नकार देणाऱ्यांच्याही. नकार देणाऱ्यांच्या हकिकतींमध्ये अपराधीपणा होता, आणि अशा वेळी काय बोलायचं असतं हेच न कळण्याची घालमेल होती. नकार मिळालेल्यांच्या मनात मात्र तीन गोष्टी होत्या: ओढ दोन्हीकडून होती, मला आशा लावली गेली, आणि मला कधी स्पष्ट ‘नाही’ सांगितलंच गेलं नाही. म्हणजे एकाला वाटतं मी किती अवघड गोष्ट बोलून टाकली, आणि दुसऱ्यापर्यंत ती पोचलेलीच नसते. ‘थांबू नकोस’ लिहिलं की ती पोचते.

तुमचं उत्तर मघाच्या प्रश्नाला ‘नाही’ असं असेल, तर मसुद्यातलं आधीच्या नात्याचं वाक्यच काढा आणि सरळ लिहा: ‘मी तुझ्याकडे मित्र म्हणूनच बघते.’ आणि जर ते ठाम ‘हो’ असेल, तरीही तारीख देऊ नका. मन मोकळं झालं आणि तेव्हा तोही मोकळा असला, तर तुम्ही स्वतःहून बोलू शकता. त्यासाठी त्याला आत्तापासून रांगेत उभं करायची गरज नाही.

भाषेतल्या दोन बारीक गोष्टी मराठीतच घडतात म्हणून सांगते. तुम्ही एकमेकांना ‘तू’ म्हणत असाल, तर या मेसेजमध्येही ‘तू’च ठेवा. अवघड लिहिताना हात आपोआप औपचारिक होतो, ‘आपल्या भावनांचा मी आदर करते’ असं काहीतरी उमटतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं अर्ज फेटाळल्याचं पत्र आलंय. दुसरी गोष्ट ‘आपण’ आणि ‘आपलं’. ‘आपल्या गप्पा’ ठीक आहे. पण ‘आपलं जे काही आहे ते’, ‘आपण हळूहळू बघू’ अशा वाक्यांत ‘आपण’ हा शब्दच दोघांना एका बाकावर बसवतो. नकाराच्या वाक्यात ‘मी’ असू द्या. तयारी माझी नाही, मन माझं आलेलं नाही. इमोजी घालायचाच तर शेवटी एखादा साधा हसरा चेहरा चालेल. हृदयाचा कुठल्याही रंगाचा नको.

फोन करावा का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेल. तुमचं सगळं नातं लिहिण्यातलं आहे, त्यामुळे मेसेज इथे अजिबात पळवाट नाही. उलट वाचणाऱ्याला आपला चेहरा सावरायला एकांत मिळतो. भेटीगाठी झाल्या असत्या तर मी प्रत्यक्ष बोला म्हटलं असतं. पाठवायची वेळ मात्र निवडा. तुमच्या रोजच्या रात्रीच्या गप्पांच्या शेवटी, ‘गुड नाइट’च्या जागी नको, त्याची रात्र त्यात जाईल. कामाच्या मध्यातही नको. संध्याकाळी, गप्पा सुरू व्हायच्या आधी पाठवा आणि पुढचा तासभर फोन हाताशी ठेवा. मेसेज टाकून ऑफलाइन गेलात तर तो धरलेला हात सोडून पळाल्यासारखं दिसतं. सगळं एकाच मेसेजमध्ये जाऊ दे. तुकड्यांनी पाठवलंत तर ‘तुझ्याशी बोलायला आवडतं’वर तो आनंदाने उत्तर देईल आणि पुढचं वाक्य तुमच्या हातात अडकेल.

यापुढचा भाग मला मेसेजपेक्षाही महत्त्वाचा वाटतो.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक तरुण आला होता, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. एका मुलीने त्याला अगदी असाच स्वच्छ मेसेज पाठवला होता. तो त्याने मला वाचून दाखवला. त्यात एक शब्दही फसवा नव्हता. त्याने उत्तर दिलं, ‘समजलं, काही हरकत नाही’, आणि दोन दिवस दोघं गप्प राहिले. तिसऱ्या रात्री तिचा मेसेज आला, ‘झोपलास? आज खूप एकटं वाटतंय.’ त्या रात्री दोघं दोन वाजेपर्यंत बोलले. मग आठवडाभर थोडंथोडकं, मग पुन्हा एक लांबलेली रात्र. असे पाच महिने गेले. तो मला म्हणाला, ‘मॅडम, तिने एकदाच नाही म्हटलं. पण त्यानंतर वीस वेळा हो म्हटल्यासारखं वागली.’ ती खोटं वागत नव्हती, याची मला खात्री आहे. तिला एकटं वाटत होतं आणि तो आवडता माणूस होता, एवढंच.

हे इतकं का चिकटतं, त्याचं स्पष्टीकरण जुनं आहे. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांत दिसलं होतं की प्रत्येक वेळी दाणा मिळणारं कबूतर दाणा बंद झाल्यावर लवकर चोच मारणं सोडतं, पण मधूनच, अनियमितपणे दाणा मिळत असलेलं कबूतर कितीतरी जास्त वेळ टोचत राहतं. माणसाची आशा याहून गुंतागुंतीची आहे, पण तिची चाल इथे तशीच असते. अधूनमधून येणारी ऊब रोजच्या उबेपेक्षा जास्त बांधून ठेवते.

म्हणून ‘आधीसारखंच बोलत राहू’ हे वाक्य मी तुमच्या मसुद्यातून काढलं. आधीसारखं राहणार नाही, आणि राहू नये. मेसेजनंतर पहिले दोन-तीन आठवडे स्वतःहून सुरुवात करू नका, त्याला यायचं तर येऊ द्या. रात्रीचा तास सोडा. दिवसाच्या, मोकळ्या वेळेतल्या गप्पा मैत्रीच्या राहतात, पण मध्यरात्रीच्या राहत नाहीत, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की त्यात अपवाद शोधत बसू नका. लाडाचं नाव पडलं असेल तर ते थांबवा. आणि जीव एकटा पडला की त्या रात्री मैत्रिणीला फोन करा, बहिणीला करा, त्याला नको. तुमच्यासाठी हा सगळ्यात कठीण भाग असेल. सात महिन्यांपूर्वी जी जागा रिकामी झाली, तिथे रोज रात्री तासभर कुणीतरी येऊन बसत होतं. मेसेज पाठवल्यावर ती जागा पुन्हा रिकामी वाटेल आणि थोडं रडूही येईल. त्याचा अर्थ निर्णय चुकला असा लावू नका.

मैत्री खरंच जमते आहे का, हे ओळखायची माझी एक खूण आहे. तो दुसऱ्या कुणाबद्दल बोलू शकतो का, आणि ते ऐकताना तुम्हाला कसं वाटतं? तो दिवसभराचा हिशेब तुम्हाला देत असेल, तुमच्या उत्तराला उशीर झाला की ‘बिझी आहेस वाटतं’ म्हणत असेल, किंवा मधूनच ‘तुझ्या मनाचं काय झालं?’ विचारत असेल, तर तो अजून वाट पाहतोय. मग तुम्हालाच एकदा म्हणावं लागेल, ‘मला वाटतं हे तुला त्रासाचं होतंय, काही दिवस बोलणं थांबवू या.’

उत्तर काय येईल ते सांगता येत नाही, पण काही शक्यतांसाठी मनात शब्द तयार ठेवा. उत्तरच आलं नाही, तर ते त्याचं उत्तर समजा. दोन निळ्या खुणा बघून ‘वाचलंस का?’ विचारू नका. ‘मग इतके दिवस का बोललीस?’ असं चिडून आलं, तर बाजू मांडत बसू नका: ‘आवडत होतं म्हणून बोलले. तू विचारलंस तेव्हाच सांगायला हवं होतं, ते चार दिवस उशिरा सांगतेय.’ एवढ्यावर थांबा. पहिल्या दिवसाचा राग बऱ्याचदा ओसरतो. पण शिव्या, धमकी, तुमचे मेसेज किंवा फोटो कुणाला दाखवण्याची भाषा, जिवाचं काही करून घेण्याचा इशारा, यांपैकी काही आलं, तर हळुवारपणाचा हा सगळा सल्ला तिथे संपतो. स्क्रीनशॉट ठेवा, जवळच्या माणसाला लगेच सांगा. जिवाच्या इशाऱ्यात त्याच्या घरच्या किंवा मित्राच्या कानावर घाला. त्याला एकटीने सांभाळायची जबाबदारी अंगावर घेऊ नका, आणि गरज पडली तर पोलिसांकडे जा.

सगळ्यात अवघड उत्तर गोड असतं: ‘काही घाई नाही, मी थांबेन.’ इथे माणसं विरघळतात. ‘किती चांगला आहेस रे तू’ असं लिहून जातात, आणि सगळा मेसेज पुसला जातो. तुम्ही तेच तीन शब्द पुन्हा लिहा, थोडे उबदार करून: ‘तू असं म्हणालास यातून तुझं मन कळतं. पण खरंच, थांबू नकोस.’ त्याखाली दुसरं काही लिहू नका, आणि त्या रात्रीपुरता फोन बाजूला ठेवा.